डॉक्टर-डॉक्टर खेळताना सिरिंज आधी कुणाच्या हातात? दवाखान्याला घाबरणाऱ्या मुलासोबतचा खेळ आणि त्याचा संच

बहुतेक घरांत हा खेळ उलटा खेळला जातो. आई-बाबा डॉक्टरचा संच विकत आणतात, स्टेथोस्कोप स्वतःच्याच गळ्यात अडकवतात, मुलाला आडवं करतात आणि "आता छोटंसं इंजेक्शन हं" म्हणत प्लास्टिकची सिरिंज त्याच्या दंडाला टेकवतात. मूल रडतं किंवा पळून जातं. मग संच माळ्यावर जातो आणि आमच्या मुलाला हा खेळ आवडतच नाही, असं ठरतं. खरं तर दवाखान्यात जे झालं होतं तेच घरी पुन्हा झालेलं असतं. मूल खाली, मोठं माणूस वर आणि सुई मोठ्याच्या हातात.

पुढचा क्रम साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. उदाहरण माझ्या भाचीचं देते. तिला घरात चिऊ म्हणतात. तिच्या डीपीटी लसीचा दुसरा बूस्टर जवळ आला होता. सरकारी वेळापत्रकात तो ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान असतो आणि दंडात देतात. पण चिऊची भीती सुईची नव्हतीच. काही महिन्यांपूर्वी ताप आला असताना घसा बघण्यासाठी तिला तिघांनी टेबलावर धरून ठेवलं होतं. तेव्हापासून दवाखान्याची पायरी दिसली की ती आईच्या गळ्याला मिठी मारून किंचाळायची. घरच्यांना वाटत होतं की ती सुईला घाबरते. म्हणून संच आणण्याआधी एक गोष्ट शोधून काढायला हवी.

## १. नेमकी भीती कशाची, ते आधी ओळखा

"तुला कशाची भीती वाटते?" असं थेट विचारू नका. चार वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि तुम्ही दोन-तीनदा विचारलंत की ते "सुईची" म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी गेल्या भेटीत रडणं नेमकं कुठे सुरू झालं, ते आठवा. रिक्षातून उतरताना? बाहेर बाकावर बसून आतल्या मुलाचं रडणं ऐकलं तेव्हा? स्पिरिटचा वास आल्यावर? टेबलावर आडवं केल्यावर? जीभ दाबायची पट्टी तोंडात गेल्यावर?

रडणं जिथे सुरू झालं तिथून खेळात सगळ्यात शेवटी जायचं आहे. चिऊच्या बाबतीत ती जागा म्हणजे आडवं होणं आणि घशात पट्टी जाणं. म्हणून आमच्या खेळात पहिले चार दिवस कुणीच आडवं झालं नाही. बाहुलीसुद्धा नाही.

तपासा: घरात कुणी "जेवली नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" असं म्हणतं का? आजी-आजोबा, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांशी आधी बोलून घ्या. ही धमकी चालू असेपर्यंत खेळाचा उपयोग होत नाही. एकीकडे डॉक्टर बरं करतात असं दाखवायचं आणि दुसरीकडे तेच शिक्षा देतात असं सांगायचं, हे मुलाच्या डोक्यात एकत्र बसत नाही.

## २. संच निवडणं

दुकानातले बरेच संच चकचकीत लाल-पिवळे असतात. त्यात वीस-पंचवीस वस्तू असतात आणि बटण दाबलं की कसला तरी कर्कश आवाज येतो. घाबरणाऱ्या मुलाला इतकं लागत नाही. पाच-सहा वस्तू पुरतात, पण त्या मुलाने दवाखान्यात पाहिलेल्या वस्तूंसारख्या हव्यात.

स्टेथोस्कोप शक्यतो ऐकू येणारा घ्या. खेळण्यातल्या बहुतेक स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येत नाही, आणि मुलाला ते लगेच कळतं. औषधांच्या किंवा सर्जिकल दुकानात साधा खरा स्टेथोस्कोप फार महाग नसतो. आईच्या छातीतली धडधड स्वतःच्या कानांनी ऐकली की ती वस्तू भीतीची राहत नाही, कुतूहलाची होते. फक्त दोन नियम ठेवा. कानात नळ्या असताना चकतीजवळ ओरडायचं नाही, आणि नळी गळ्याला गुंडाळायची नाही. खेळ संपला की तो उंचावर ठेवून द्या.

सिरिंज सुई नसलेली हवी, पण दांडा खरोखर मागे-पुढे सरकणारा हवा. लहान मुलांच्या पातळ औषधासोबत येणारी पाच किंवा दहा मिलीची प्लास्टिकची सिरिंज यासाठी उत्तम. तिच्यात पाणी ओढता येतं, सोडता येतं. काही खेळण्यांत सुईच्या जागी दांडा आत दबणारी टोकदार नळी असते. पाहणाऱ्याला सुई आत गेल्यासारखं वाटतं. घाबरणाऱ्या मुलासाठी सुरुवातीला ती नकोच.

बाकी छोटी टॉर्च, आइस्क्रीमच्या न वापरलेल्या चपट्या काड्या, खेळण्यातला थर्मामीटर, कापूस आणि भरपूर चिकटपट्ट्या. चिकटपट्ट्यांत कंजुषी करू नका. मुलं त्या बाहुलीला, आईला, सोफ्याच्या फाटक्या कोपऱ्यालाही लावतात. बरं करण्याची ही एवढी एकच गोष्ट त्यांना संपूर्णपणे स्वतःच्या हाताने करता येते.

आणि एक पेशंट हवा. दुकानातली सदा हसरी बाहुली इथे अपुरी पडते, कारण तिला इंजेक्शन दिलं तरी ती हसतच राहते. जुन्या पांढऱ्या सुती कापडाची वीतभर बाहुली शिवा, आत कापूस भरा आणि चेहरा कोरा ठेवा. चेहरा मुलाला काढू द्या. चिऊने स्केचपेनने काढलेल्या बाहुलीच्या तोंडाचा आकार मोठा गोल होता. "ही काय करतेय?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "ओरडतेय. तिला सोडत नाहीयेत." आम्हाला जे शोधायचं होतं ते तिथे मिळालं.

घेताना पाहा: खेळण्यावर आयएसआय चिन्ह हवं. खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा केंद्र सरकारचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि हे चिन्ह बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या सुट्या संचांवर ते बहुधा नसतं.

धोका: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. घरात धाकटं भावंड असेल तर हा नियम मोठ्याच्या संचालाही लागू करा. औषधाच्या सिरिंजचं टोपण इवलंसं असतं आणि श्वासनलिकेत अडकू शकतं, ते आधीच काढून फेका. दिवे किंवा आवाज असलेल्या खेळण्यात चपटी बटणासारखी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद झालेलं हवं. ही बॅटरी गिळली गेली तर काही तासांतच अन्ननलिका आतून भाजते. तसं झाल्याची शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. पाऱ्याचा खरा थर्मामीटर आणि एकदा वापरलेली खरी सिरिंज खेळात कधीही नको.

## ३. वेळ ठरवा

खेळ भेटीच्या साधारण दहा दिवस आधी सुरू करा. रोज दहा-पंधरा मिनिटं, पोट भरलेलं असताना, झोपायच्या वेळेआधी. रात्री अंथरुणात हा खेळ नको, कारण त्यानंतर विचार करत पडायला अख्खी रात्र असते.

पण तारीख इतक्या आधी सांगायची नाही, आणि इथे बरेच पालक चुकतात. पंधरा दिवस आधी सांगितलं तर मूल पंधरा दिवस धास्तावतं. अजिबात न सांगता बागेत जाऊ म्हणून दवाखान्यात नेलं तर पुढच्या वेळी ते बागेत जायलाही नाही म्हणतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी दुपारी सांगा. तीन वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगितलं तरी पुरे. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र दोन-तीन दिवस आधी कळलेलं बरं असतं, कारण त्याला प्रश्न विचारायचे असतात.

## ४. पहिले दोन दिवस: फक्त वस्तू

संच जमिनीवर मांडा आणि तुम्ही शेजारी बसून दुसरंच काही करा. कपड्यांच्या घड्या घाला, भाजी निवडा. "चला, डॉक्टर-डॉक्टर खेळू" असं म्हणायचं नाही. मूल येईल, एखादी वस्तू उचलेल, टाकेल. ते सिरिंज घेऊन न्हाणीघरात जाऊन भिंतीवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारू लागलं तर मारू द्या. आता ती सिरिंज त्याच्या हुकमात आहे.

चिऊने पहिल्या दिवशी फक्त चिकटपट्ट्या घेतल्या आणि सिरिंज पायाने सोफ्याखाली ढकलली. आम्ही ती बाहेर काढली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच झाडूच्या दांड्याने ओढून काढली.

तपासा: दोन दिवसांनंतरही मूल एखाद्या वस्तूकडे पाठ फिरवत असेल तर ती वस्तू संचातून काढू नका आणि पुढेही करू नका. असू दे एका कोपऱ्यात.

## ५. मूल डॉक्टर, बाहुली पेशंट

आता तुम्ही पेशंटची आई व्हा. बाहुली कडेवर घेऊन या, दार वाजवा आणि बाकावर बसून नंबराची वाट पाहा. "डॉक्टर, हिला रात्री ताप होता." एवढं बोलून गप्प बसा. पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

तपासणीचा क्रम मुलावर लादू नका, पण पेशंटच्या आईला विचारायची मुभा असते. "वजन करायचं का?" "छातीत काय ऐकू येतंय?" इथून सुरुवात करा. वजन आणि छाती दुखत नाहीत. मग टॉर्चने कान, मग घसा. इंजेक्शनचं नाव तुम्ही काढायचं नाही. मूल स्वतः ते काढतं, कधी पहिल्याच दिवशी, कधी चौथ्या दिवशी.

ते काढल्यावर बहुधा दणक्यात काढतं. बाहुलीला वीस इंजेक्शनं, डोळ्यात, पोटात, डोक्यात. पालक इथे दचकतात आणि "असं नाही करायचं, हळू, शहाण्यासारखं" म्हणून थांबवतात. थांबवू नका. ज्याच्यावर जोर झाला ते मूल इथे जोर करून पाहत असतं. तुम्ही बाहुलीचा आवाज व्हा: "आई गं! दुखलं! मला रडू येतंय." आणि मग डॉक्टरकडे बघा. बहुतेक मुलं दोन-तीन खेळांनंतर स्वतःच चिकटपट्टी लावतात किंवा बाहुलीला कडेवर घेतात. हा मारा फक्त बाहुलीवर चालेल. धाकटं भावंड आणि मांजर यांच्यावर नाही. हे एकदाच, न रागावता सांगा.

चिऊने तिच्या बाहुलीला सहा दिवस इंजेक्शन दिलंच नाही. ती फक्त तिला घट्ट दाबून धरायची आणि आम्हाला म्हणायची, "तुम्ही पाय धरा." आम्ही धरले. तिसऱ्या वेळी मी बाहुलीच्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, मी आईच्या मांडीवर बसून तोंड उघडलं तर चालेल का?" चिऊ बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "चालेल. पण मोठा आ करायचा." त्या दिवसापासून बाहुलीला कुणी दाबून धरलं नाही.

थांबा: मूल गोठल्यासारखं होत असेल, श्वास भरभर होत असेल, किंवा तोच एक प्रसंग रोज तसाच, त्याच चेहऱ्याने, सुटका न होता चालू असेल तर खेळ तिथेच संपवा. "आजचा दवाखाना बंद झाला" म्हणून शटर ओढल्याचा आवाज काढा आणि बाहेर फिरायला जा. खेळात रोज थोडासा तरी बदल होत असेल तर तो मार्गी लागला आहे असं समजा.

## ६. मूल डॉक्टर, तुम्ही पेशंट

आता मोठ्याने घाबरायचं. "डॉक्टर, मला जरा भीती वाटतेय. माझा हात धराल?" भीती वाटत असूनही तपासून घेता येतं, हे मुलाला इथे पाहायला मिळतं. फार नाटकी करू नका. आरडाओरडा करून बाबा लोळायला लागले की मूल हसतं खरं, पण घाबरणाऱ्याची थट्टा होते हेही शिकतं.

सुई टोचताना काय करायचं ते या टप्प्यात शिकवून टाका. फुंकर. भिरभिरं हातात घ्या, लांब फुंका आणि त्याच वेळी डॉक्टरला टोचू द्या. मग भूमिका बदला आणि बाहुलीला कसं फुंकायचं ते मुलाला शिकवायला सांगा. साबणाचे फुगेही चालतात.

शब्दही इथेच ठरतात. "मुंगी चावल्यासारखं", "कळणारसुद्धा नाही" हे दोन्ही खोटे दिलासे. सुई मुंगीपेक्षा जास्त दुखली की मुलाचा तुमच्यावरचा विश्वास जातो, आणि मुंग्यांना घाबरू लागलेली मुलंही मी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस देतानाच्या वेदनेबद्दल ज्या सूचना दिल्या त्यांतही खोटा दिलासा आणि घाबरवणारे शब्द, दोन्ही टाळायला सांगितलं आहे. "टोचेल. दंडावर दाबल्यासारखं वाटेल. तू फुंकर मारत असशील. मग पट्टी लावायची." एवढं बस.

## ७. मूल पेशंट, पण त्याची इच्छा असेल तरच

या टप्प्यावर न येताही काही मुलं दवाखान्यात नीट जातात. म्हणून हा टप्पा झालाच पाहिजे असा हट्ट धरू नका. विचारा: "आज पेशंट कोण?" मूल "मी" म्हणालं तरच पुढे जा.

सिरिंज तुमच्या हातात पहिल्यांदा इथे येते, आणि तीही मुलाने दिली तर. इथे मिठीचा सराव करा. तुम्ही खुर्चीत बसा, मूल तुमच्या मांडीवर बाजूला तोंड करून, एका कुशीने तुम्हाला टेकून बसेल. त्याचा एक हात तुमच्या पाठीमागे मिठीत जाईल. दुसरा दंड बाहेर राहील आणि त्याच हाताचा पंजा तुम्ही तुमच्या पंजात धराल. दोन्ही पाय तुमच्या गुडघ्यांमध्ये. बाहेरून पाहिलं तर मिठी वाटते, पण दंड स्थिर राहतो. सरळ बसलेलं मूल आडव्या झोपवलेल्या मुलापेक्षा कमी घाबरतं, आणि पाच वर्षांच्या लसीसाठी आडवं झोपवायची गरज नसते. चिऊला हे कळल्यावर तिने तीनदा विचारलं, "नक्की बसूनच?"

निवड द्या, पण खरी द्या. कोणता दंड, बघायचं की मान वळवायची, पट्टी कोणत्या रंगाची. "इंजेक्शन घेशील ना?" असा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "नाही" आलं तर ते तुम्ही पाळणार नाही आहात. दंडाचं मात्र डॉक्टरांना आधी विचारून घ्या. त्यांनी एकच दंड सांगितला तर ती निवड खेळातूनही काढून टाका.

## ८. भेटीचा दिवस

आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करून तीन गोष्टी विचारा. मांडीवर बसवून लस देता येईल का, गर्दी कमी कधी असते, आणि नंबर येईपर्यंत बाहेर थांबलं तर चालेल का. दंड बधिर करणारी क्रीम हवी असेल तर तीही आधीच विचारा, कारण ती लावल्यावर साधारण तासभर थांबावं लागतं. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

सोबत बाहुली, भिरभिरं आणि एखादी चिकटपट्टी. पूर्ण संच नको. डॉक्टरांना आत गेल्या गेल्या सांगा: "आधी हिच्या बाहुलीला तपासाल का?" माझ्या अनुभवात बहुतेक डॉक्टर अर्धा मिनिट देतात. नाही दिलं तर बाहुलीला तुम्ही मांडीवर घ्या आणि पुढे चला.

सुईच्या वेळी "झालं झालं, रडू नकोस" चा भडिमार नको. फक्त "फुंक." मूल रडलं तर रडू द्या. रडलं म्हणजे खेळ फसला असं नाही. गेल्या वेळेपेक्षा किती लवकर शांत झालं, ते बघा. लसीनंतर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात. तेवढ्यात बाहुलीलाही पट्टी लावा.

चिऊ रडली. सुई आत असताना आणि नंतर मिनिटभर. मग तिने सिस्टरना विचारलं की बाहुलीचा दंड कधी दुखायचा थांबेल. डीपीटीनंतर एक-दोन दिवस दंड दुखू शकतो, तापही येऊ शकतो, म्हणून सिस्टरनी "उद्या-परवा" असं खरं उत्तर दिलं.

## ९. त्याच संध्याकाळी पुन्हा संच काढा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. काम झालं म्हणून संच उचलून ठेवला जातो. पण आज जे प्रत्यक्ष घडलं ते मुलाने अजून खेळलेलं नसतं. संच जमिनीवर ठेवा आणि पहिल्या दिवसासारखे शेजारी बसा. दवाखान्यात काही ठरल्यापेक्षा वेगळं झालं असेल, उदाहरणार्थ नंबर फार उशिरा आला किंवा मांडीवर बसू दिलं नाही, तर मूल तेच खेळेल. तुम्ही सारवासारव करू नका. "हो, तसं झालं खरं. तुला ते आवडलं नाही" इतकं म्हणा.

नंतर दोन-तीन आठवडे संच हाताशी असू द्या. खेळ आपोआप कमी होत जातो. एवढं करूनही दवाखान्याच्या नुसत्या उल्लेखाने मुलाला उलटी होत असेल, झोप उडत असेल, किंवा रक्त आणि सुई पाहून चक्कर येत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि बालमानसतज्ज्ञांची गाठ घ्या. चक्कर येणाऱ्या मुलाला लस झोपवूनच द्यावी लागते, आणि त्याच्यासाठी वरची मिठी योग्य नाही.

चिऊने त्या संध्याकाळी बाहुलीचा जुना चेहरा पुसायचा प्रयत्न केला. स्केचपेन निघेना. मग तिने बाहुली उलटी केली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला दुसरा चेहरा काढला. त्याला डोळ्यांतून दोन थेंब होते आणि तोंड मिटलेलं होतं.